पंख्याच्या आवाजाखालचं संगीत

माझा पुतण्या सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. शेजारच्या टेबलावरची कुजबुज नको म्हणून तो कानात इअरफोन घालून बसतो. मध्यंतरी तो घरी आला तेव्हा तक्रार करत होता, "काका, नुसती वाद्यं लावतो, गाणी नाहीत, तरी लक्ष लागत नाही." मी त्याची प्लेलिस्ट बघायला मागितली. चाळीस ट्रॅक होते. त्यात व्हायोलिनवर वाजवलेली जुनी भावगीतं, सतारीची एक अख्खी मैफल, दोन सिनेमांचं पार्श्वसंगीत आणि 'डीप फोकस' असं काहीतरी नाव असलेले इलेक्ट्रॉनिक तुकडे. गाणी खरोखरच नव्हती. पण शब्द होते, आणि ते त्याच्या डोक्यातून येत होते.

प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनला लोक 'गाणारं व्हायोलिन' म्हणत, ते उगाच नाही. गाण्यातली प्रत्येक जागा, प्रत्येक शब्दाचं वळण ते तारेवर काढत. ऐकणाऱ्याला ते गाणं पाठ असतं आणि व्हायोलिन सुरू झालं की ओळ मनातल्या मनात म्हटली जाते. पुस्तकातली ओळही आपण मनातल्या मनातच म्हणून वाचत असतो. एका तोंडाने दोन ओळी म्हणता येत नाहीत. म्हणून ओळखीच्या गाण्याची धून, ती कोणत्याही वाद्यावर असो, अभ्यासाच्या यादीतून आधी काढायची. ती वाद्यसंगीत नसून मुकं गाणं असतं.

शब्द किती त्रास देतात, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. १९७६ साली कोल आणि वेल्श या दोघांनी इंग्रजी बोलणाऱ्यांना अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन उतारा वाचून दाखवला. भाषा कळत नसूनही चुका वाढल्या. पुढे १९८९ मध्ये सलामे आणि बॅडली यांना दिसलं, की गायलेलं संगीत वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा आणतं. तेव्हा "मला तमिळ कळत नाही, मग तमिळ गाणी लावतो" हा अभ्यासिकेतला लोकप्रिय तोडगा तितकासा कामाचा नाही. आवाज बारीक केल्यानेही फारसा फरक पडत नाही, कारण बारीक आवाजातलं बोलणं हेही बोलणंच असतं.

दुसरा घोटाळा सतारीच्या मैफलीत होता. हे सांगताना मलाच वाईट वाटतं, पण हिंदुस्थानी वाद्यवादनाची सगळी रचनाच ऐकणाऱ्याला हळूहळू आपल्याकडे खेचून घेण्याची आहे. आलापात तबला नसतो, लय मोकळी असते, एकेक स्वर सावकाश उलगडतो. मग जोड येतो आणि त्यात ठोका जाणवू लागतो. त्यानंतर झाला, मग गत, तबला, विलंबिताकडून द्रुत, तिहाई, समेवर येणं. चाळिसाव्या मिनिटाला श्रोत्याने "वाहवा" म्हणावं म्हणून पहिल्या मिनिटापासून तयारी चाललेली असते. अशा संगीताखाली बसून कोणी भूमापनाचे नियम वाचत असेल, तर तो वादकाचा अपमान आहे किंवा नियमांचा तरी.

पण आलाप वेगळा काढता येतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या डिजिटल आवृत्त्यांत बऱ्याचदा आलाप, जोड, झाला आणि गत हे स्वतंत्र ट्रॅक असतात. त्यातला फक्त आलाप घ्यायचा. एकच फाइल असेल तर ती सोडून द्यायची. मध्येच उठून बंद करावी लागणारी गोष्ट या यादीत नको. आणखी एक मर्यादा आहे. ज्याला राग कळतो, जो स्वतः शिकतो, त्याने आलापही लावू नये. त्याचं मन पुढचा स्वर कोणता येणार हे बघत बसतं. आमच्या शेजारच्या तबला शिकणाऱ्या मुलीला तर कुठलाच ठेका मागे चालत नाही, तिची बोटं टेबलावर वाजायला लागतात.

मग उरतं काय? जे संगीत मुळातच ऐकण्याचा आग्रह धरत नाही, ते. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराला १९७५ साली अपघात झाला होता. तो अंथरुणात पडून असताना एक मैत्रीण वीणेसारख्या हार्प या वाद्याची रेकॉर्ड लावून गेली. आवाज फार बारीक होता, एका बाजूचा स्पीकर बंद होता, बाहेर पाऊस पडत होता, आणि उठून काही करण्याची ताकद नव्हती. पावसात मिसळून अधूनमधून ऐकू येणारं ते संगीत त्याला आवडलं. १९७८ मध्ये त्याने 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स' केलं आणि अशा संगीताला 'ॲम्बियंट' हे नाव दिलं. त्यातला पहिला ट्रॅक सुमारे सतरा मिनिटांचा आहे. पियानोचे मोजके स्वर टेपवर पुन्हा पुन्हा फिरत राहतात. काही घडेल असं वाटत नाही, आणि खरंच काही घडत नाही. दुसऱ्या ट्रॅकमध्ये माणसांचे आवाज आहेत, पण प्रत्येक आवाज एकच स्वर धरून येतो आणि विरतो. शब्द नसल्यामुळे तो चालतो.

ईनोच्या आधी पॅरिसमध्ये एरिक सातीने 'फर्निचरचं संगीत' ही कल्पना मांडली होती. खुर्ची-टेबलासारखं ते खोलीत नुसतं असावं. १९२० मध्ये ते मध्यंतरात वाजवलं, तर श्रोते बोलणं थांबवून ऐकत बसले आणि साती त्यांना "बोला, बोला" म्हणून सांगत फिरला. चांगलं संगीत मागे ठेवणं किती अवघड असतं, ते यावरून कळतं.

आता पुतण्याच्या यादीची दुरुस्ती. मी त्याला एक कागद आणि पेन्सिल दिली. अभ्यास करताना संगीताकडे लक्ष गेलं, की फक्त वेळ टिपायची आणि पुन्हा वाचायला लागायचं. पन्नास मिनिटांनी कागदावर अकरा खुणा होत्या. कोणत्या वेळी काय वाजत होतं ते ताडून पाहिलं, तेव्हा चार खुणा ओळखीच्या धुनांच्या निघाल्या, एक फुकट ॲपच्या जाहिरातीची, आणि उरलेल्या सहा एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होण्याच्या जागी. म्हणजे निम्म्याहून जास्त दोष ट्रॅकचा नव्हता, सांध्यांचा होता. तीन-तीन मिनिटांचे ट्रॅक घेतले तर पन्नास मिनिटांत पंधराएक सांधे येतात. दहा-पंधरा मिनिटांचे घेतले तर तीन-चार.

सांध्यात खटकतं काय, तर तीन गोष्टी. एक, आवाजाची पातळी. एक ट्रॅक हळू आणि पुढचा मोठा असला, की हात फोनकडे जातो. बहुतेक ॲपमध्ये आवाज समान करण्याची सोय असते, ती चालू ठेवायची. दुसरी, सुरुवातच ठोक्याने करणारा ट्रॅक. पहिली दहा सेकंदं ऐकून असे ट्रॅक बाजूला काढता येतात. तिसरी गोष्ट म्हणजे पट्टी, आणि ही सहसा कोणी बघत नाही. सतारीचा सा बऱ्याचदा काळी एकच्या आसपास असतो, मैफलीतली मोठी बासरी बऱ्याचदा पांढरी तीनची असते. सतारीच्या आलापामागून थेट बासरी आली, की ज्याला सुरातलं काही कळत नाही त्याचीही मान वर होते, कारण पायाखालची जमीनच सरकलेली असते.

यावर अनेक जण ॲपमधलं Crossfade वापरतात. एक ट्रॅक विरत असताना दुसरा त्याच्यावर चढतो. पावसाचा आवाज किंवा ईनोसारखं संगीत असेल तर ते छान जमतं. पण दोन वेगळ्या पट्ट्यांचे तानपुरे काही सेकंद एकमेकांवर वाजले तर कानाला ते बेसूरच लागतं, आणि सांधा झाकण्याऐवजी उघडा पडतो. तिथे मध्ये दोन मिनिटं नुसता पाऊस घालावा. पावसाला पट्टी नसते.

शेवटी त्याची यादी अशी ठरली. सुरुवातीला काळी एकचा तानपुरा तीन मिनिटं. मग त्याच पट्टीतला सतारीचा आलाप, साधारण बारा मिनिटं. नंतर दोन मिनिटं पाऊस. त्यापुढे ईनोचा तो सतरा मिनिटांचा ट्रॅक. त्याला लागून हॅरल्ड बड आणि ईनो यांच्या १९८० सालच्या 'द प्लॅटो ऑफ मिरर'मधला पहिला, सात मिनिटांचा तुकडा. त्यात पियानोच आहे, त्यामुळे सांधा कळत नाही. उरलेली नऊ मिनिटं पुन्हा पाऊस. Shuffle बंद, कारण क्रम हीच यादीची निम्मी मेहनत. Autoplay बंद, नाहीतर यादी संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने काहीतरी लावतं. Repeat सुद्धा बंद. पाऊस थांबला की पन्नास मिनिटं झाली, आता उठून चहा प्यायचा. घड्याळ बघायचं कारण राहत नाही.

आवाज किती ठेवायचा? टेबलाजवळचा पंखा ऐकू यायला हवा. पंखा झाकला गेला तर आवाज जास्त आहे. मोठ्या माणसांनी आठवड्याला चाळीस तास ऐकायचं असेल तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंख्याचा नियम पाळला तर त्या आकड्यापर्यंत जायची वेळच येत नाही. आणि रोज तीच यादी लावावी. पहिले दोन-तीन दिवस नवेपणामुळे लक्ष जातं, मग ते संगीत भिंतीच्या रंगासारखं होऊन जातं. कंटाळा आला म्हणून नवा ट्रॅक घातला, की ते दोन-तीन दिवस पुन्हा मोजावे लागतात.

पंधरा दिवसांनी पुतण्याने कागदाचा फोटो पाठवला. दोन खुणा होत्या. एक सतारीच्या आलापात, जिथे वादकाने चिकारीची तार जोरात छेडली आहे. दुसरीसमोर त्याने लिहिलं होतं, 'शेजारच्याचा डबा'. गणितं सोडवताना, नोट्स उतरवताना आणि नकाशे भरताना यादी चालू असते. राज्यघटनेची कलमं आणि सनावळ्या क्रमाने पाठ करायच्या असल्या, की मात्र तो इअरफोन खिशात ठेवतो.