कोपऱ्यातल्या हॉलचा रेडिएटर

बर्लिन, म्युनिक, फ्रँकफर्ट अशा शहरांत आता अनेक मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत, आणि त्यांतली काही जण जुन्या इमारतीतला फ्लॅट विकत घेतात. नव्या घरांच्या मानाने तो परवडतो, शाळा आणि ट्राम जवळ असते. अशा घरात एका मोठ्या खर्चाचा प्रश्न हमखास उभा राहतो. तळघरातला गॅस बॉयलर म्हातारा झालेला असतो, सोसायटीच्या बैठकीत हीट पंपाचा प्रस्ताव येतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘जुन्या रेडिएटरवर हीट पंप चालत नाही. जमिनीखाली नळ्या टाकाव्या लागतील.’ बैठक तिथेच थांबते. या विधानात थोडं तथ्य आहे, पण ते प्रत्येक खोलीला लागू नाही. कोणत्या खोलीला ते लागू आहे, हे कागदावर मोजून काढता येतं.

आधी रेडिएटर म्हणजे काय ते सांगतो, कारण महाराष्ट्रात तो घरात दिसत नाही. खिडकीखाली भिंतीला टांगलेला पोकळ पत्र्याचा पट्टा म्हणजे रेडिएटर. बॉयलरमधून आलेलं गरम पाणी त्यात वरून शिरतं, खोलीला उष्णता देतं आणि थोडं निवून परत जातं. खोलीला किती उष्णता मिळेल, हे पट्ट्याच्या आकारावर आणि पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे, यावर ठरतं. गॅसची ज्वाला सत्तर अंशांचं पाणी सहज देते, त्यामुळे साठ वर्षांपूर्वी रेडिएटर बसवणाऱ्यांनी पाण्याच्या तापमानाची चिंता केली नाही.

हीट पंपाला मात्र ती चिंता करावीच लागते. तो बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घेतो आणि ती वरच्या तापमानाला चढवून पाण्यात सोडतो. सोसायटीचा मोटारपंप दुसऱ्या मजल्याऐवजी आठव्या मजल्यावर पाणी चढवताना जास्त वीज खातो, तसंच इथेही आहे. पाणी एक अंश जास्त तापवायचं, तर वीज साधारण दोन ते अडीच टक्के जास्त लागते. म्हणून पंचावन्न अंशांवर चालणाऱ्या आणि सत्तर अंशांवर चालणाऱ्या पंपाच्या बिलात मोठी तफावत पडते. शिवाय कडाक्याच्या थंडीत सत्तर अंश गाठणं अनेक पंपांना जमतच नाही.

मग पाणी कमी तापवलं, तर रेडिएटर किती देतो? युरोपात रेडिएटरची ताकद एका ठरावीक स्थितीत मोजून छापतात. जाणारं पाणी ७५ अंश, परतणारं ६५ आणि खोली २०, अशी ती स्थिती. म्हणजे पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंश जास्त असतं. हे अंतर निम्म्यावर, २५ अंशांवर आणलं तर ताकदही निम्मी होईल, असं वाटतं, पण ती साधारण ४० टक्क्यांवर येते. रेडिएटरची बरीचशी उष्णता त्याच्या पन्हळींमधून वर चढणाऱ्या हवेबरोबर खोलीत जाते. पत्रा कोमट असला की त्या हवेचा वेगही मंदावतो, आणि मार दुहेरी बसतो. ५५ अंशांचं पाणी सोडलं आणि ते ४५ होऊन परतलं, तर अंतर ३० अंश राहतं आणि छापील ताकदीच्या जेमतेम ५१ टक्के हाती येतात. हा ५१चा आकडा लक्षात ठेवावा, पुढचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

उदाहरणासाठी साठच्या दशकातल्या बर्लिनच्या इमारतीतला मधल्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट घेऊ. खाली-वरचे शेजारी घर तापवतात, म्हणून जमीन आणि छत यांतून फारशी उष्णता जात नाही. हॉल सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच. त्याच्या दोन भिंती बाहेरच्या हवेला लागून आहेत. खिडक्या सोडून त्या भिंती २० चौरस मीटर भरतात, खिडक्या ५ चौरस मीटर. भिंत विटांची, विनाअस्तराची. तिच्या एका चौरस मीटरमधून दर अंश फरकाला साधारण १.४ वॅट बाहेर जातात. खिडकीची जुनी दुहेरी काच त्याच्या दुप्पट, म्हणजे २.८ वॅट सोडते. बाहेर उणे १२ आणि आत २० धरले, तर फरक ३२ अंशांचा. भिंतींतून सुमारे ९०० वॅट जातात, खिडक्यांतून ४५०. खोलीतली निम्मी हवा दर तासाला बदलते असं धरलं, तर तिच्याबरोबर आणखी ३२५ वॅट जातात. भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यांसाठी ८० धरले, की बेरीज साधारण १,७५० वॅट होते.

या हॉलमध्ये खिडकीखाली ६० सेंटिमीटर उंच आणि १२० सेंटिमीटर लांब रेडिएटर आहे, टाइप २२. पहिला आकडा पाण्याच्या पट्ट्यांचा, दुसरा त्यांच्यामधल्या पन्हळी पत्र्यांचा. टाइप २२ म्हणजे दोन पट्टे आणि दोन पन्हळी, खोली सुमारे दहा सेंटिमीटर. अशा रेडिएटरची छापील ताकद साधारण २,००० वॅट असते. ५१ टक्के म्हणजे हाती येतात जेमतेम १,०३० वॅट, आणि हॉलला हवेत १,७५०. हाच रेडिएटर राहिला, तर पाणी सत्तर अंशांना पाठवावं लागेल.

आता शेजारची बेडरूम पाहू. ती १४ चौरस मीटरची आहे, एकच भिंत बाहेरची, खिडकी लहान. तिची गरज येते ७६० वॅट. रेडिएटर एक मीटर लांब, छापील ताकद सुमारे १,६८०. ५५ अंशांच्या पाण्यावर तो ८६० वॅट देतो, म्हणजे गरजेपेक्षा शंभर वॅट जास्तच. या खोलीत काहीही बदलण्याची गरज नाही.

माझ्या मते इथेच सगळा विषय आहे. एका घरात, किंवा एकाच बॉयलरवर चालणाऱ्या इमारतीत, पाणी सगळ्यांना एकाच तापमानाचं जातं. सर्वांत अपुरा रेडिएटर ज्या खोलीत, ती खोली सगळ्या इमारतीचं तापमान ठरवते. बेडरूमला ५२ अंश पुरतात, पण हॉलला ७० लागतात, म्हणून पंप ७० अंशांना झुरत राहतो. सगळे रेडिएटर बदलणं जितकं उधळपट्टीचं, तितकंच एकही न बदलणं महागात जातं. हॉलचा तेवढा प्रश्न सोडवायचा.

तो कसा? हॉलच्या खिडक्यांना आधुनिक काचा बसवल्या, ज्या दर अंशाला १.१ वॅटच सोडतात, तर गरज १,७५० वरून १,४८० वर येते. आता त्याच जागी, त्याच लांबी-उंचीचा टाइप ३३ लावावा, म्हणजे तीन पट्टे आणि तीन पन्हळी. त्याची छापील ताकद साधारण २,८८० वॅट. ५१ टक्के काढले, की बरोबर १,४८० च्या आसपास उत्तर येतं. खिडकीखालची जागा तीच, पाइप जवळपास तिथेच, फक्त रेडिएटर भिंतीपासून पाच-सहा सेंटिमीटर जास्त पुढे येतो. काचा बदलायच्या नसतील, तर दोन मीटर लांब दुसरा शोधण्यापेक्षा रिकाम्या बाहेरच्या भिंतीवर आणखी एक छोटा रेडिएटर जोडावा. ५५ ऐवजी ४५ अंशांचा हट्ट धरला, तर याच हॉलला ४,००० वॅटांहून अधिक छापील ताकद लागते. दोन मोठे रेडिएटर भिंती खाऊन टाकतील. मला तो हट्ट इथे पटत नाही.

५५ अंश हे आकडेही फक्त वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींचे आहेत. बाहेर ५ अंश असताना हॉलला निम्म्याहून कमी उष्णता लागते आणि ३९ अंशांचं पाणी पुरतं. पंपाच्या नियंत्रकात बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचं तापमान ठरवणारी रेषा असते. ती नीट लावली, तर बहुतेक दिवस पंप सुखात चालतो. फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर आयएसई संस्थेने जुन्या घरांत बसवलेल्या पंपांची मोजणी केली. २०२० साली आलेल्या निष्कर्षांत, हवेवर चालणाऱ्या पंपांनी एका युनिट विजेत सरासरी ३.१ युनिट उष्णता दिली. जमिनीखालच्या नळ्यांची सक्ती नव्हती.

रेडिएटर मोठा लावला, तरी खोली गार राहू शकते, आणि याचं कारण बहुधा पाण्याच्या प्रमाणात असतं. जुना बॉयलर पाणी २० अंशांनी निववून परत घेई, म्हणून थोडं पाणी पुरे. आता ते १० अंशांनीच निवतं, तेव्हा तितकीच उष्णता पोचवायला दुप्पट पाणी लागतं. हॉलला तासाला सुमारे १३० लिटर. जुने व्हॉल्व्ह आणि बारीक पाइप ते जाऊ देतात का, हे तपासावं लागतं. रेडिएटरच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपला दोन क्लिप-थर्मामीटर लावून पाहावं. वर गरम, खाली गार आणि फरक पंधरा अंशांहून जास्त असेल, तर पाणी कमी पडतंय. व्हॉल्व्हची आतली चावी उघडावी, किंवा जवळच्या, जास्त पाणी ओढणाऱ्या खोल्यांची थोडी आवळावी. पूर्ण पट्टा सारखा गरम आणि तरीही खोली गार असेल, तर रेडिएटरच लहान आहे. पूर्व जर्मनीतल्या काही इमारतींत एकाच पाइपवर रेडिएटर ओळीने जोडलेले असतात. तिथे शेवटच्या फ्लॅटला आधीच निवलेलं पाणी मिळतं, आणि वरचं गणित तिथे थेट लागू होत नाही. तसंच सर्वांत वरच्या मजल्याचं, ज्याचं छत थेट बाहेरच्या हवेला लागून असतं.

हे सगळं पंप घेण्याआधीच करून पाहता येतं. येत्या जानेवारीत, उणे तापमानाच्या दिवसांत, जुन्या बॉयलरचं पाणी ५५ अंशांवर आणून ठेवावं, खोल्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत, पडदे आणि सोफे रेडिएटरपासून बाजूला करावेत, आणि दोन दिवसांनी कुठल्या खोलीत थर्मामीटर २० ला पोचत नाही ते लिहून ठेवावं. कंत्राटदाराकडे दर मागताना ती नोंद पुढे करा आणि खोलीनिहाय उष्णतेचं गणित मागा. जर्मनीत हे गणित १२८३१ क्रमांकाच्या युरोपीय मानकाप्रमाणे करतात. फक्त घराच्या क्षेत्रफळावरून पंपाचा आकार सांगणाऱ्याच्या दरपत्रकावर सही करू नका.