आठ जणांचे जेवण, चार हजारांचे बजेट

हॉटेलात एकत्र जेवायला जायचे ठरले की ग्रुपवर कोणीतरी मेनूकार्डाचा स्क्रीनशॉट टाकतो आणि पदार्थ आधीच ठरवण्याचे काम एकाच्या गळ्यात पडते. हाताशी असतात किमती, हिरव्या-तांबड्या खुणा आणि वर्गणीतून जमलेली ठरावीक रक्कम. बेरीज रकमेच्या आत बसवणे सोपे असते. कठीण असते ते त्या बेरजेत प्रत्येकाचे पोट भरेल असे पाहणे. मिश्र गटात शाकाहारी मंडळी बहुधा इथेच उपाशी राहतात, आणि बिलाकडे पाहून ते कळत नाही.

निवडीला हात घालण्याआधी स्क्रीनशॉट नीट वाचावा लागतो. एकाच पदार्थापुढे ‘३४०/६२०’ असे दोन आकडे असले तर ते बहुधा हाफ आणि फुलचे दर असतात. पण ‘मंचाव सूप व्हेज/चिकन’ यापुढच्या दोन आकड्यांपैकी पहिला व्हेजचा आणि दुसरा चिकनचा असतो. हाफ-फुलचे शीर्षक स्तंभाच्या वर एकदाच छापलेले असते आणि कापलेल्या चित्रात नेमके तेच बाहेर राहते. मासळीच्या हॉटेलांत पापलेट किंवा सुरमईपुढे आकड्याऐवजी ‘एपीएस’ लिहिलेले आढळते, म्हणजे दर माशाच्या आकारावर ठरणार. ठरलेल्या रकमेच्या जेवणात असा पदार्थ फोन करून दर विचारल्याशिवाय घेऊ नये. चित्र डिलिव्हरी अ‍ॅपमधले असेल, तर तिथले दर आणि टेबलावरच्या कार्डातले दर वेगळे असू शकतात. बसून जेवायचे असेल तर हॉटेलातल्या कार्डाचाच फोटो मागवलेला बरा.

दुसरी गोष्ट खुणांची. हिरव्या चौकटीतला हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मांसाहारासाठी पूर्वी तशाच चौकटीत तपकिरी गोल असे. पाकीटबंद पदार्थांवरच्या लेबलांसाठी २०२० साली आलेल्या नियमांत त्या गोलाऐवजी तपकिरी त्रिकोण ठरवला गेला. रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांना हिरवा आणि तपकिरी गोल सारखेच दिसतात. आकार वेगळा असला की ती अडचण उरत नाही. हॉटेलांच्या कार्डांवर मात्र जुना गोल अजून सर्रास दिसतो आणि तोही बऱ्याचदा लाल असतो. त्यामुळे फिक्या छपाईचा किंवा काळा-पांढरा फोटो आला, तर खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. पदार्थाच्या नावावरून उलगडा झाला तर ठीक, नाहीतर तो यादीतून वगळावा.

खूण काय सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. हिरवी खूण पदार्थात काय घातले आहे एवढेच सांगते. पनीर टिक्का आणि चिकन टिक्का एकाच तंदुरात भाजले जातात का, तळणीचे तेल वेगळे आहे का, याचे उत्तर त्या ठिपक्यात नसते. ज्यांना ते महत्त्वाचे वाटते त्यांच्यासाठी शुद्ध शाकाहारी हॉटेलच निवडावे लागते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही हिरव्या खुणेचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी ‘जैन’ असा वेगळा उल्लेख शोधावा किंवा ऑर्डर देताना तसे सांगावे. अंडे आपल्याकडच्या नियमांत मांसाहारात मोडते, म्हणून एग करीपुढे हिरवी खूण येत नाही. पण गटात ‘अंडे चालते, बाकी नाही’ असे म्हणणारे हमखास असतात. त्यांची मोजणी शाकाहारींत करावी आणि जमले तर एखादा अंड्याचा पदार्थ जास्तीचा घ्यावा.

आता रक्कम. कार्डावरचा दर हा सहसा कराआधीचा असतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. महागड्या तारांकित हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्केही असतो. ‘कर वेगळे’ ही ओळ कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते आणि स्क्रीनशॉटमध्ये तीही कापली जाते. काही ठिकाणी बिलात सेवाशुल्कही जोडलेले असते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ऐच्छिक आहे आणि ते काढायला सांगता येते. तरीही पाहुण्यांसमोर काउंटरवर वाद नको असेल, तर हिशेबात त्याची तरतूद ठेवणे शहाणपणाचे.

समजा, आठ जण आहेत. पाच मांसाहारी, तीन शाकाहारी. प्रत्येकी ५०० रुपये काढून ४,००० जमले आहेत. ५ टक्के कर धरला तर कार्डावरच्या दरांची बेरीज ३,८०० च्या आसपास थांबायला हवी. त्याखेरीज १० टक्के सेवाशुल्क द्यायची वेळ आली, तर ही मर्यादा साधारण ३,४६० वर येते. पहिली ऑर्डर या दुसऱ्या आकड्याच्या आत बसवली की दोन्ही परिस्थितींत निभावते.

पुण्यातल्या एखाद्या मध्यम हॉटेलातले दर उदाहरणासाठी असे धरू. पनीर टिक्का सहा पीस २६०, चिकन टिक्का सहा पीस ३२०. पनीर बटर मसाला २८०, व्हेज कोल्हापुरी २३०, डाळ तडका १८०. चिकन मसाला हाफ चार पीस ३४०, फुल आठ पीस ६२०. मटण हंडी ६५०, चिकन बिर्याणी ३००, जिरा राइस १६०, तंदुरी रोटी ३०, ताक ४०.

यातून उत्साहाच्या भरात यादी कशी बनते ते पाहण्यासारखे आहे. मटण हंडी एक, चिकन टिक्का दोन, चिकन मसाला फुल, बिर्याणी दोन. इथेच २,५१० झाले. मग शाकाहारींची आठवण येऊन पनीर टिक्का आणि पनीर बटर मसाला, आणि शेवटी वीस रोट्या. एकूण ३,६५०, करासह सुमारे ३,८३०. बजेट पाळले गेले. पण तिघा शाकाहारींच्या वाट्याला एकच रस्सा आला. ना डाळ, ना त्यांना खाता येईल असा भात. त्यांनी दिलेल्या १,५०० रुपयांपैकी त्यांच्या ताटात ५४० चे पदार्थ आणि काही रोट्या आल्या. तेवढ्यावरच थांबत नाही. पनीरची वाटी टेबलावर फिरते आणि पाचही मांसाहारी त्यातून चमचाभर घेतात. त्यांना कोणी अडवत नाही, अडवूही नये. परंतु चिकन कमी पडले तर मांसाहारी पनीर खाऊ शकतो. पनीर संपले तर शाकाहाऱ्याला चिकनकडे वळता येत नाही.

म्हणून शाकाहारी पदार्थ तिघांसाठी न मोजता आठ जणांसाठी मोजायचे आणि मांसाहारी पदार्थ पाचांसाठी. सगळा हिशेब या एका नियमावर फिरतो, आणि क्रमही त्यावरूनच ठरतो: सर्वांना चालणारे आधी, मांसाहार नंतर.

मोजायला काही ढोबळ मापे लागतात. पंजाबी पद्धतीच्या भाजीची एक प्लेट इतर पदार्थ सोबत असतील तर दोघा-तिघांना पुरते, डाळ तिघा-चौघांना. भाताची एक प्लेट शेवटी थोडा-थोडा घ्यायचा असेल तर तीन-चार जणांत भागते. तंदुरी रोट्या माणशी अडीच. चिकन-मटणाची मोजणी मात्र प्लेटमध्ये न करता पिसांत करावी, कारण रस्सा कितीही असला तरी पीस संपला की पदार्थ संपला. किती पीस येतात हे कार्डावर क्वचितच असते, पण फोनवर विचारले तर हॉटेलवाला लगेच सांगतो. हाफ आणि फुलच्या दरांची तुलनाही पिसांवरूनच करावी: वरच्या दरांत दोन हाफ घेतले तर ६८० पडतात आणि पीस तेवढेच आठ येतात.

या मापांनी यादी पुन्हा मांडली की चित्र बदलते. सर्वांसाठी डाळ तडका दोन, पनीर बटर मसाला एक आणि व्हेज कोल्हापुरी एक, मिळून ८७०. वीस रोट्या ६००, जिरा राइस दोन ३२०. इथवर १,७९० झाले आणि मांसाला हात न लावताही आठही जणांचे जेवण बऱ्यापैकी उभे राहिले. मग सुरुवातीसाठी एक पनीर टिक्का आणि एक चिकन टिक्का, ५८०. पाच जणांसाठी चिकन मसाला फुल, ६२०. आठ ताक, ३२०. बेरीज ३,३१०. करासह सुमारे ३,४७५; सेवाशुल्कही धरले तरी सुमारे ३,८२५. दोन्ही वेळा चार हजारांच्या आतच.

या यादीत मटण नाही, आणि मांसाहाऱ्यांपैकी कोणीतरी ते बोलून दाखवणारच. मटण हंडीचे ६५० बसू शकतात, पण चिकन मसाला काढून त्या जागी. दोन्ही हवेत म्हटले तर बेरीज ३,९६० होते आणि करासह चार हजारांच्या पुढे जाते. मग वर्गणी वाढवावी; डाळ-भातावर कात्री चालवू नये.

पनीर टिक्क्याचे सहा पीस हाही नाजूक भाग आहे. आठ जणांत ते पुरत नाहीत. ती प्लेट शाकाहारींच्या बाजूला ठेवायला वेटरला सांगितले, तर तिघांना दोन-दोन पीस मिळतात आणि चिकन टिक्का दुसऱ्या बाजूला पाचांत भागतो. टेबलावर शाकाहारी मंडळी शेजारी-शेजारी बसली तर हे आपोआप जमते, शिवाय चमच्यांची सरमिसळही टळते.

सगळी रक्कम एकदम संपवायचीही गरज नसते. सेवाशुल्क नसेल तर वरच्या यादीत कराआधीचे ४९० रुपये हातात राहतात. जेवण अर्ध्यावर आले की कुठली वाटी रिकामी होते आहे ते दिसतेच. चिकन कमी पडत असेल तर एक हाफ ३४० मध्ये येतो. भाजी संपली असेल तर व्हेज कोल्हापुरी आणि पाच-सहा रोट्या. रोट्यासुद्धा वीस एकदम न मागवता आधी बारा मागवाव्यात, कारण गार झालेली तंदुरी रोटी वातड होते आणि ती कोणी खात नाही. दुसऱ्या फेरीची ऑर्डर देण्याआधी आतापर्यंतची बेरीज वेटरकडून विचारून घ्यावी. मधेच कोणी मागवलेली पाण्याची बाटली, मसाला पापड किंवा कोल्ड्रिंक तिथेच उघड होते, आणि उरलेली रक्कम नेमकी किती हे कळल्यावरच पुढचा पदार्थ सांगता येतो.