आरशातला चेहरा आणि फोटोतला चेहरा: एका छायाचित्रकाराचे पत्र

ताई,

लग्नाच्या फोटोंत चेहरा वाकडा आल्याचं तुम्ही कळवलंत. फोटो बिघडलेले नाहीत. डाव्या नाकपुडीतली नथ आरशात तुम्हाला तुमच्या डाव्या हाताला दिसते. फोटोत ती उजव्या हाताला येते, कारण समोरच्या माणसाला ती तशीच दिसते. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. तुमची डावी भुवई किंचित उंच आहे. आरशात रोज पाहून ती तुमच्या सवयीची झाली. फोटोत ती दुसऱ्या बाजूला गेली, म्हणून खटकते.

अमेरिकेत १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बहुतेक विद्यार्थिनींना स्वतःचा आरशासारखा उलटवलेला फोटो आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटो.

फोनवर एक फोटो आडवा उलटवून पाहा. तुम्हाला तो ओळखीचा वाटेल, आईंना कदाचित खटकेल. सेल्फीत नाक मोठं दिसतं ते मात्र कॅमेरा फार जवळ असल्यामुळे. तुमचे फोटो मी लांबून काढले आहेत.

अल्बम उलटवून छापला, तर पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि पाटीवरची नावं उलटी येतील. म्हणून फोटोंची निवड घरच्यांसोबत बसून करा.

आपला,
छायाचित्रकार