सपाट म्हणजे समतल नव्हे

कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनचे तपासणी-अहवाल मराठीत आणताना 'फ्लॅटनेस'साठी मी 'समतलता' टाळतो, 'सपाटपणा' लिहितो. आमच्या सिंदेवाहीत धानाची बांधी समतल म्हणजे पाणी सगळीकडे सारखे उभे राहणारी. फ्लॅटनेसला मात्र उतार चालतो. तिरका पृष्ठभागही ०.०२ मिमी अंतरावरच्या दोन समांतर प्रतलांत मावला की पास. त्याला डेटम, म्हणजे 'आधार', लागतच नाही.

'रनआउट'ला तो लागतो. आधार-अक्षाभोवती भाग एक फेरा फिरला, तर पृष्ठभाग किती पुढेमागे होईल, तो हा 'फिरतीतला फरक'. गोल भागाचे केंद्र अक्षापासून ०.०२ मिमी सरकले, की हा फरक ०.०४ येतो.

म्हणून रनआउटच्या ओळीत आधाराचे अक्षर गाळले, तर आकडा निरर्थक होतो. आणि फ्लॅटनेसला 'समतलता' म्हटले, तर कारागीर चांगल्या भागाचा उतार घासत बसतो.