ओलाव्याचं वजन वजा करताना

तीन वेळा केलेल्या टायट्रेशनचं उत्तर तीनही वेळा ०.१०१५ मोलर आलं, तर कुठलाही विद्यार्थी निश्चिंत होईल. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर तो हा आकडा लिहील आणि पुढची सगळी गणितं त्यावरच बांधील. पण आम्ल प्रत्यक्षात ०.१००० मोलर असलं, तरीही हे तीन आकडे इतकेच छान जुळू शकतात. कारण चूक ब्युरेटमध्ये नसते आणि काट्यातही नसते. ती असते तोलायला घेतलेल्या पांढऱ्या पुडीत.

ही पुडी म्हणजे निर्जल सोडियम कार्बोनेट. आम्लाची नेमकी तीव्रता ठरवायला प्रयोगशाळेत हा पदार्थ प्रमाण म्हणून वापरतात. तो शुद्ध मिळतो, स्वस्त आहे आणि आम्लाशी ठरलेल्या प्रमाणातच संयोग पावतो. त्याचा एकच त्रास असा, की तो हवेतला ओलावा ओढून घेतो. त्याच्या प्रत्येक रेणूघटकाला पाण्याचा एक रेणू चिकटला, तर वजनातला सुमारे साडेचौदा टक्के भाग नुसत्या पाण्याचा होतो. इतका ओलावा धरायला वेळ लागतो. पण जुलैत मुंबईत किंवा कोकणात बाटलीचं झाकण नीट लागलं नसेल, तर एक-दोन टक्के पाणी सहज शिरतं आणि भुकटी दिसायला कोरडीच राहते. वरच्या उदाहरणात ओलावा फक्त दीड टक्का धरला आहे. तिन्ही नमुन्यांत तो सारखाच होता, म्हणून तिन्ही उत्तरं सारखीच चुकली.

म्हणून पहिलं काम भुकटी खरोखर कोरडी करण्याचं. सोडियम कार्बोनेट चिनी मातीच्या मुशीत घेऊन २६० ते २७० अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास तापवतात. या तापमानाला पाणी निघून जातं आणि थोडं बायकार्बोनेट मिसळलेलं असेल तर त्याचंही कार्बोनेट होतं. तापमान याच्या फार वर नेलं, तर कार्बोनेटच कार्बन डायऑक्साइड सोडू लागण्याचा धोका असतो. भुकटी कोरडी झाली की नाही, हे नजरेने कळत नाही. तापवणं, थंड करणं आणि तोलणं हे चक्र पुन्हा करायचं. लागोपाठची दोन वजनं दोन-तीन दशांश मिलिग्रॅमच्या आत जुळली, की काम झालं.

तापवलेली मूस बाकावर थंड व्हायला ठेवली, तर सगळे कष्ट वाया जातात. निवताना भुकटी पुन्हा ओलावा घेते. इथे डेसिकेटर लागतो. हे जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं असतं. त्याच्या तळाशी सिलिका जेल किंवा निर्जल कॅल्शियम क्लोराइड असतं, वर छिद्रांची जाळी असते आणि काठाला व्हॅसलीनचा पातळ थर लावलेला असतो. जेलमध्ये रंगसूचक मिसळलेला असतो. निळं जेल गुलाबी झालं, की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा कामाला आणायचं.

डेसिकेटर वापरण्याच्या काही सवयी आहेत आणि प्रत्येकीमागे कारण आहे. लालबुंद मूस थेट आत ठेवून झाकण लावलं, तर आतली हवा तापून फुगते आणि झाकण सरकून पडू शकतं. म्हणून मूस आधी थोडी निवू द्यायची आणि आत ठेवल्यावर झाकण क्षणभर किंचित उघडं ठेवायचं. नंतर आतली हवा आकसते. झाकण एकदम उचललं, तर बाहेरची हवा झपकन आत घुसून भुकटी उडवते. ते हळूहळू बाजूला सरकवून उघडायचं. प्रत्येक वेळी उघडताना दमट हवा आत जाते आणि ती पुन्हा कोरडी व्हायला बराच वेळ लागतो. दर पाच मिनिटांनी उघडला जाणारा डेसिकेटर नुसतं झाकलेलं भांडं होऊन बसतो.

भुकटी कोमट असतानाच काचेच्या कोरड्या वेईंग बॉटलमध्ये भरतात आणि डेसिकेटरमध्ये पूर्ण थंड करतात. बाटलीला घासून बसवलेलं काचेचं झाकण असतं. पूर्ण थंड करण्याचं कारण काट्याशी जोडलेलं आहे. गरम बाटलीभोवतीची हवा तापून वर चढते, पल्ल्याला वर ढकलते आणि वजन खऱ्यापेक्षा कमी दाखवलं जातं. बाटली निवत जाते तसा आकडा वाढत जातो.

आकडा ओलाव्यानेही वाढतो. दोन्हींतला फरक ओळखायला बाटलीचं झाकण घट्ट लावून पाहायचं. वाढ थांबली, तर पदार्थ ओलावा घेत होता. झाकण लावूनही आकडा सरकत राहिला, तर बहुधा बाटली अजून गरम आहे. तिला अर्धा तास परत डेसिकेटरमध्ये ठेवायचं.

आता प्रत्यक्ष तोलणं. चार दशांश स्थळं दाखवणाऱ्या काट्यावर बंद बाटली ठेवली आणि २८.६४१२ ग्रॅम नोंदले. बाटली बोटांनी धरायची नाही, कारण बोटांचा घाम आणि तेल या काट्याला कळतं. कागदाच्या पट्टीने ती उचलून, झाकण काढून, शंकूच्या चंबूत थोडी भुकटी टिचकीने सोडली. लगेच झाकण लावून पुन्हा तोललं, तेव्हा २८.४१०३ ग्रॅम भरले. चंबूत गेलेली भुकटी ०.२३०९ ग्रॅम. पुन्हा थोडी सोडली, २८.१७४७ भरले; म्हणजे दुसऱ्या चंबूत ०.२३५६ ग्रॅम. तीन नमुन्यांसाठी फक्त चार वजनं लागतात.

याला फरकाने तोलणं म्हणतात. काट्याचा शून्य ०.८ मिलिग्रॅमने पुढे असला, तरी पहिलं वजन २८.६४२० आणि दुसरं २८.४१११ येईल. वजाबाकी तीच, ०.२३०९. बाटलीच्या काचेवरचा दमटपणा आणि बाटलीच्या तळाशी चिकटलेले कणही असेच वजा होतात. शिवाय भुकटी दमट हवेत उघडी राहते ती काही सेकंदच. कागदावर किंवा घड्याळकाचेवर तोलताना ती कितीतरी जास्त वेळ उघडी असते.

पण आधीच बाटलीत शिरलेलं पाणी या वजाबाकीला दिसत नाही. ते भुकटीबरोबर चंबूत जातं आणि कार्बोनेट म्हणून मोजलं जातं. म्हणूनच सुरुवातीच्या विद्यार्थ्याला ४३.५७ मिलिलिटरऐवजी ४२.९२ मिलिलिटर आम्ल पुरलं आणि आम्ल खऱ्यापेक्षा तीव्र वाटलं. काट्याचा प्रमाणदोष, म्हणजे दर ग्रॅममागे ठरावीक जास्त किंवा कमी दाखवण्याची खोडही वजाबाकीतून जात नाही. त्यासाठी काटा प्रमाण वजनाने तपासावा लागतो.

कॉस्टिक सोड्यासमोर मात्र दोन्ही उपाय हरतात. त्याच्या गोळ्या हवेत उघड्या ठेवल्या, की काही मिनिटांत ओलसर चकाकू लागतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही घेतात. डेसिकेटरमध्ये ठेवून तो शुद्ध होत नाही, कारण झालेलं कार्बोनेट तसंच राहतं. त्यामुळे त्याचं द्रावण अंदाजे वजनावर बनवतात आणि नेमकी तीव्रता नंतर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने ठरवतात. हा पदार्थ ओलावा फार कमी घेतो. तो ११० ते १२० अंशांना वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून, फरकानेच तोलला जातो.