विश्लेषण : ओईटी पास झाली, आता वॉर्डातली इंग्रजी कशी टिकवायची?

धाराशिव, उमरगा किंवा तुळजापूरच्या दवाखान्यात नोकरी करत ‘ओईटी’ ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजी परीक्षा पास होणाऱ्या परिचारिकेपुढे निकालानंतर नवा प्रश्न उभा राहतो. परदेशातली नोंदणी, व्हिसा आणि नेमणूक यांत महिने जातात. तोवर वॉर्डात डॉक्टर, रुग्ण, नातेवाईक सगळ्यांशी मराठीच बोलायची असते. निकाल हातात असतो, पण जीभ जड होत जाते.

परीक्षा काय तपासते?

ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला वाचणे, ऐकणे आणि बोलणे यांत ‘बी’, तर लेखनात किमान ‘सी प्लस’ श्रेणी लागते. लेखनात साधारण १८० ते २०० शब्दांचे पत्र असते. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात. प्रत्येकाच्या तयारीला ३ मिनिटे आणि बोलायला सुमारे ५ मिनिटे मिळतात. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक असते.

म्हणजे धीर देणे, समजावून सांगणे याचा सराव होतो. रात्री २ वाजता डॉक्टरांना फोन करून रुग्णाची अवस्था सांगण्याचा मात्र होत नाही. प्रत्यक्ष वॉर्डात पत्रापेक्षा असे फोन आणि पाळी बदलतानाचे हँडओव्हरच जास्त असतात.

एक प्रसंग पाहू

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. रुग्ण महिला शुद्धीत आहे, पण थंडी वाजून ताप आला आहे. आपल्याकडे सिस्टर म्हणतात, ‘सर, पेशंटला बरं वाटत नाहीये, जरा येऊन बघता का?’ समोरचे डॉक्टर रोजचे असतात, उरलेले ते विचारून घेतात. तेच वाक्य इंग्रजीत आणले तर अनोळखी डॉक्टरला घाई कळत नाही.

यासाठी तिकडे ‘एसबार’ ही पद्धत वापरतात. मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे रुग्णालयांत आली. तिचे चार भाग असे : आत्ता काय झाले, आधीचे काय, मला काय वाटते, मला काय हवे.

आत्ताचे : ‘बेड सिक्स, टेंपरेचर थर्टी-एट पॉइंट सिक्स, पल्स वन हंड्रेड अँड ट्वेल्व्ह, बीपी नाइन्टी-एट ओव्हर सिक्स्टी, रेस्पिरेटरी रेट ट्वेंटी-टू.’ आपल्या थर्मामीटरवर हाच ताप साधारण १०१.५ फॅरेनहाइट दिसतो. तिकडे सेल्सिअसच बोलतात.

आधीचे : ‘गॉलब्लॅडर सर्जरी, टू डेज अगो.’

मला वाटते : ‘हर न्यूज स्कोअर इज सेव्हन. आय ॲम वरीड अबाउट सेप्सिस.’ हा स्कोअर म्हणजे नाडी, श्वास, रक्तदाब वगैरे मोजमापांची गुणांत बेरीज. ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९६ टक्के असेल, तर वरच्या आकड्यांची बेरीज ७ येते. ७ किंवा त्याहून जास्त म्हणजे तातडीची मदत हवी.

मला हवे : ‘प्लीज कम नाऊ. व्हॉट शुड आय डू मीनव्हाइल?’

सगळ्यात जास्त गाळला जातो तो हा शेवटचा भाग. डॉक्टरांना थेट ‘या’ म्हणणे आपल्याकडे उद्धट वाटते. पण ऐकणाऱ्याने ‘मग मी काय करू?’ असे विचारले, तर समजावे की हाच भाग राहिला.

इथे राहून सराव कसा?

ड्यूटी संपल्यावर एका रुग्णाचे हँडओव्हर इंग्रजीत फोनवर रेकॉर्ड करा. नाव, गाव सांगू नका आणि ऐकून झाल्यावर रेकॉर्डिंग पुसून टाका. एका मिनिटात चारही भाग आले का, हेच तपासा, व्याकरण नंतर.

आठवड्यातून दोनदा सोबतच्या मैत्रिणीला फोन करा. तिने डॉक्टर होऊन मध्येच तोडायचे आणि औषधाचा डोस सांगायचा. तुम्ही तो परत म्हणून दाखवायचा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’ असे सुटे आकडे उच्चारा.

कुठे अडते?

रुग्णांची रोजची बोली पुस्तकात नसते. ब्रिटिश रुग्ण ‘आय वॉज सिक’ म्हणाला, तर बहुधा त्याला उलटी झालेली असते. नुसते बरे नसेल, तर तो ‘पूअरली’ म्हणतो. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीच्या तक्रारी. मैत्रिणीबरोबरच्या सरावात हे शब्द येणार नाहीत आणि दोघींची चूक सारखी असेल तर ती सापडणारही नाही. त्यासाठी तिकडे आधी गेलेल्या सिस्टरला महिन्यातून एकदा फोनवर हँडओव्हर ऐकवा. तिला कुठे थांबवून पुन्हा विचारावे लागले, ते लिहून ठेवा. पुढच्या आठवड्याचा सराव तिथूनच सुरू करा.