सरासरीच्या पोटातली शून्यं

समजा, निफ्टी आज २५,००० वर आहे. बरोबर एका महिन्यानं मुदत संपणारा, २५,५०० च्या स्ट्राइकचा कॉल ऑप्शन २७४ रुपयांना मिळतो आहे. घेणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. मुदतीच्या दिवशी निर्देशांक २५,५०० च्या जितका वर असेल, तितके रुपये त्याच्या हातात पडतात. निर्देशांक त्याच्या खाली राहिला तर काहीच मिळत नाही आणि दिलेला प्रीमियम बुडतो. आता प्रश्न असा की हे २७४ आले कुठून? महिन्यानंतर बाजार कुठे असेल हे कुणालाच ठाऊक नसताना त्याची आजची किंमत काढायची कशी?

एक उत्तर थोडं पोरखेळासारखं वाटेल. कॉम्प्युटरला दहा हजार वेळा तो महिना ‘जगून’ बघायला सांगायचं. प्रत्येक वेळी बाजार कुठेतरी पोहोचेल, ऑप्शन काहीतरी देईल किंवा देणार नाही. त्या दहा हजार उत्तरांची सरासरी काढायची. या रीतीला मॉन्टे कार्लो म्हणतात.

तिचा उगम पत्त्यांच्या डावात आहे. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना एकट्यानं पेशन्स खेळत बसायचे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणितानं काढायला गेले तर ते काही हाती लागेना. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की शंभर डाव मांडून त्यातले किती सुटतात ते नुसतं मोजलं तर? त्यांनी ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली आणि ती आधी अणुभौतिकीच्या कामी आली. जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचं नाव तिला निकोलस मेट्रोपोलिस यांनी दिलं. ऑप्शनच्या किमतीसाठी ही रीत कशी वापरायची, ते १९७७ साली फेलिम बॉइल यांनी एका शोधनिबंधात मांडलं.

एक महिना, चार वेळा

आधी हातानं करून बघू. आपल्याला दोन गोष्टी गृहीत धरायच्या आहेत. पहिली म्हणजे बाजाराचा चढउतार, ज्याला व्यवहारात व्होलॅटिलिटी म्हणतात. ती वर्षाला १५ टक्के धरू. महिन्याचा चढउतार काढताना याला बारानं भागायचं नाही. रोजच्या वरखाली हालचाली एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात, त्यामुळे चढउतार काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १५ ला बाराच्या वर्गमुळानं भागायचं. उत्तर येतं सुमारे ४.३३ टक्के.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजाराचा कल. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. त्याला वाटतं, बाजार वर्षाला १२ टक्के वाढेल असा आपला अंदाज असेल तर तोच घालावा. पण किंमत काढताना इथे बिनजोखमीचा व्याजदर घालतात. आपण तो ६ टक्के धरू आणि लाभांश सोडून देऊ. कारण असं की ऑप्शन विकणारा जाणकार हातावर हात ठेवून बसत नाही. तो निर्देशांकाची खरेदी करून ठेवतो आणि बाजार हलेल तशी ती कमीजास्त करत राहतो. असं नीट झाकून घेतलं की बाजार वर जाईल की खाली, या अंदाजाचं त्याच्या लेखी मोल उरत नाही. त्याच्या हिशेबात चढउतार येतो आणि गुंतलेल्या पैशाचं व्याज येतं.

आता कॉम्प्युटरकडून एक यादृच्छिक आकडा मागायचा. तो घंटेच्या आकाराच्या वक्रातून येतो. म्हणजे साधारण दोन तृतीयांश वेळा तो उणे एक आणि अधिक एक यांच्यामध्ये असतो, आणि तीनच्या पलीकडे क्वचितच जातो. समजा पहिला आकडा उणे ०.५ आला. त्यावरून मुदतीचा निर्देशांक निघतो २४,५६४ आणि कॉलचं मोल शून्य. दुसरा आला १, म्हणजे निर्देशांक २६,२१३ आणि हातात ७१३ रुपये. तिसरा ०.२, निर्देशांक २५,३२०. बाजार वाढला खरा, पण २५,५०० गाठलं नाही, म्हणून पुन्हा शून्य. चौथा १.८, निर्देशांक २७,१३७ आणि कमाई १,६३७.

चौघांची सरासरी जवळजवळ ५८८ भरते. २७४ च्या दुपटीहून जास्त! चार डावांवरून जुगाराचा हिशेब मांडला की असंच होणार. म्हणून हे काम यंत्राकडे द्यायचं. पायथॉनमध्ये ते एवढ्यात होतं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
S, K, T, r, v, n = 25000, 25500, 1/12, 0.06, 0.15, 10_000
z = rng.standard_normal(n)
ST = S * np.exp((r - v*v/2)*T + v*np.sqrt(T)*z)
pay = np.maximum(ST - K, 0)
d = np.exp(-r*T)
print(d*pay.mean(), d*pay.std(ddof=1)/np.sqrt(n))
print(np.percentile(pay, [50, 75, 90, 95, 99]))
print((pay > 274).mean())
```

`z` मध्ये दहा हजार यादृच्छिक आकडे, `ST` मध्ये तितकेच मुदतीचे निर्देशांक आणि `pay` मध्ये तितक्याच कमाया. `d` हा महिन्यानंतरच्या रुपयाची आजची किंमत काढणारा गुणक आहे.

उत्तरावर विश्वास किती?

पहिली `print` दोन आकडे देते. एक किंमत, दुसरी त्या किमतीतली चूक किती असू शकते याचा अंदाज. दुसरा आकडा न बघता पहिला वापरणं म्हणजे काटा न तपासता वजन घेणं. या उदाहरणात शंभर फेऱ्यांवर ही प्रमाण चूक सुमारे ५२ रुपये असते, दहा हजारांवर सुमारे ५ रुपये आणि दहा लाखांवर जेमतेम अर्धा रुपया. म्हणजे चूक दहापट कमी करायची तर मेहनत शंभरपट वाढते. खरी किंमत उत्तराच्या दोन्ही बाजूंना या चुकीच्या दुपटीच्या आत सापडण्याची शक्यता शंभरात पंचाण्णव असते.

आपला कॉल साधा आहे. त्याचा हिशेब १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रानंही होतो आणि तिथे २७३.८ येतात. मग एवढा खटाटोप कशाला? कारण सूत्र नेहमी हाताशी नसतं. मुदतीच्या दिवसाऐवजी महिनाभरातल्या रोजच्या बंद भावांच्या सरासरीवर कमाई ठरणारा ऑप्शन घ्या. तिथे असं सोपं सूत्र नाही, पण वरच्या कोडमध्ये एका उडीऐवजी रोजची छोटी उडी घातली की काम भागतं. आधी उत्तर ठाऊक असलेल्या ऑप्शनवर कोड तपासायचा आणि मगच अवघड ऑप्शनकडे वळायचं, ही या कामातली शिस्त आहे.

ही तपासणी का लागते, तेही बघा. कोडमधला `- v*v/2` हा तुकडा क्षुल्लक दिसतो आणि बरेचजण तो विसरतात. तो नसेल तरी कार्यक्रम बिनतक्रार चालतो, पण किंमत २७४ ऐवजी २८३ च्या आसपास येते. चोर पकडायचा उपाय सोपा आहे. मुदतीच्या सगळ्या निर्देशांकांची सरासरी काढून तिला `d` नं गुणायचं. उत्तर आजचे २५,००० यायला हवं. चुकीच्या कोडमध्ये ते २५,०२३ च्या जवळ येतं. दहा हजार फेऱ्यांत इतका फरक नशिबाच्या नावावर खपून जाऊ शकतो, कारण तिथे या सरासरीची प्रमाण चूकच ११ आहे. दहा लाखांत ती १ वर येते आणि चोर उघडा पडतो.

सरासरी आणि पसारा

आता दुसरी `print`. दहा हजार कमाया चढत्या क्रमानं मांडल्या तर मधोमध काय सापडतं? शून्य. शंभरातल्या सुमारे ६४ फेऱ्यांत कॉल काहीच देत नाही. पंचाहत्तराव्या जागी ३४६ रुपये, नव्वदाव्या जागी १,०३४, पंचाण्णवाव्या जागी १,४५५ आणि नव्याण्णवाव्या जागी २,२६२ च्या आसपास. २७४ ही किंमत या सगळ्यांच्या गोळाबेरजेतून आलेली आहे. ती ‘साधारण कमाई’ नव्हे. बहुतेकांना शून्य आणि मोजक्यांना घसघशीत रक्कम, अशा वाटणीची ती सरासरी आहे.

शेवटची ओळ आणखी स्पष्ट बोलते. दिलेले २७४ रुपये भरून निघण्याची वेळ शंभरात सुमारे २७ वेळाच येते. दलाली आणि कर तर आपण धरलेच नाहीत. मात्र इथे एक सावधगिरी हवी. हा २७ चा आकडा ६ टक्क्यांच्या कलावर आधारलेला आहे, आणि तो कल किंमत काढण्यासाठी होता. स्वतःच्या नफातोट्याची शक्यता बघायची असेल तर बाजाराबद्दलचा आपला खरा अंदाज घालायला हवा. १२ टक्के घातले तर २७ चे ३१ होतात. किंमत काढायला एक कल आणि जोखीम मोजायला दुसरा, हा भेद पुष्कळ हिशेबांत पुसला जातो. फरक पडला तरी तो एवढाच, हेही लक्षात घ्यावं. बाजाराबद्दल आशावादी राहूनही शंभरात ६९ वेळा तोटाच आहे.

फेऱ्या वाढवून न सुधारणारी चूक

कॉम्प्युटरला दहा लाख फेऱ्या मारायला लावल्या की उत्तर अर्ध्या रुपयापर्यंत नेमकं होतं आणि माणूस निश्चिंत होतो. आता कोडमध्ये चढउतार १५ ऐवजी २० टक्के करा. किंमत २७४ वरून ४१३ च्या घरात जाते. पुढच्या महिन्याचा चढउतार १५ असेल की २० हे कोण सांगणार? अर्ध्या रुपयाची नेमकेपणा तिथे काय कामाची? प्रमाण चूक फक्त फाशांच्या नशिबाची मोजदाद करते. फासेच चुकीचे निवडले असतील तर त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

फाशांचा आकारही संशयास्पद आहे. वर्षाला १५ टक्के म्हणजे दिवसाला साधारण ०.९५ टक्के. घंटेच्या वक्रावर विश्वास ठेवला तर एका दिवसात ६ टक्क्यांची पडझड अब्ज दिवसांतही एकदा दिसू नये. प्रत्यक्षात लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ ला, निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. २३ मार्च २०२० ला तर तो सुमारे १३ टक्के कोसळला. म्हणून जाणकार घंटेच्या वक्राऐवजी गेल्या काही वर्षांतल्या खऱ्या दैनंदिन हालचालींतून चिठ्ठ्या काढल्यासारखे आकडे उचलतात, किंवा अधूनमधून मोठी उडी मारणारं मॉडेल घेतात. त्याचा परिणाम सर्वांत जास्त दिसतो तो नव्याण्णवाव्या जागेवर. ऑप्शन विकणाऱ्याचं दिवाळं निघतं ते तिथेच.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात राहिले. त्याला कारणं अनेक असतील. पण ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून कॉल उचलण्याआधी वरच्या दहा ओळी चालवायला काही सेकंद लागतात. त्यातली सरासरी शेवटी बघा. आधी शंभरात किती शून्यं आहेत ते मोजा, आणि चढउताराचा आकडा पाचानं हलवून पुन्हा मोजा.